चौदा नंबरला लघवी झाली का?

हॉस्पिटलच्या वॉर्डात दुपारी दोन वाजता जे घडतं त्याला नर्सेस ‘ओव्हर’ म्हणतात. सकाळची सिस्टर ओव्हर देते, दुपारची घेते. रात्री आठला पुन्हा तेच, सकाळी आठला पुन्हा. ‘हँडओव्हर’ हा पूर्ण शब्द फक्त फॉर्मवर छापलेला असतो. म्हणजे दिवसातून तीनदा अख्ख्या वॉर्डाची माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाते, आणि ज्या डोक्यातून ती जाते ते सहा तास उभं राहून थकलेलं असतं, त्याला दोन-वीसची बस पकडायची असते.

मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या सर्जरी वॉर्डात मी तीन आठवडे रोज जाऊन बसत होते. काम असं होतं : आमच्या सिस्टिममधून ओव्हरसाठी एक समरी छापली जायची, ती कुणी वाचत नव्हतं. नर्सेस ती छापायच्या, कारण ऑडिटला फाइलमध्ये लागते. मग स्वतःच्या हाताने एका चिठ्ठीवर वेगळी यादी करायच्या, आणि ओव्हर त्या चिठ्ठीवरून द्यायच्या. समरी नव्याने लावायची होती.

आधी वेळेचं गणित सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वॉर्डात तीस खाटा. दुपारच्या पाळीला दोन सिस्टर, म्हणजे एकीकडे पंधरा पेशंट. ओव्हरला अर्धा तास मिळतो, म्हणजे पेशंटमागे दोन मिनिटं. या दोन मिनिटांत सहा नंबरचे नातेवाईक येऊन ‘डॉक्टर कधी येणार’ विचारतात, लॅबचा फोन वाजतो, कुणाची तरी सलाईन संपते, मावशी चादरींची चावी मागतात. मी मोजून पाहिलं नाही, पण माझ्या समोर एकही पेशंट असा झाला नाही की ज्याचा ओव्हर मधे न तुटता पूर्ण झाला.

आता जुनी समरी. ती माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेली होती आणि तांत्रिकदृष्ट्या तिच्यात काहीही चुकीचं नव्हतं. डेटाबेसमध्ये पेशंटच्या ज्या नोंदी आहेत त्या सगळ्या ती घ्यायची आणि ताज्या नोंदीपासून मागे लावायची. शेवटची ओळ अशी :

```
ORDER BY recorded_at DESC
```

प्रोग्रॅमरला हे स्वाभाविक वाटतं. ताजं ते वर. मेसेजेस असेच दिसतात, बातम्या अशाच दिसतात. पण `recorded_at` म्हणजे काय? नोंद टाइप केली ती वेळ. आणि वॉर्डात गोष्ट घडते एका वेळी, टाइप होते दुसऱ्या वेळी. सकाळी आठ ते दीड सिस्टर धावत असते : औषधं, ड्रेसिंग, राऊंड, ओटीला पाठवणं, ओटीतून आणणं. दीड वाजता ती कॉम्प्युटरसमोर बसते आणि सकाळभराचं सगळं वीस मिनिटांत आत टाकते, ज्या क्रमाने आठवेल त्या क्रमाने. म्हणजे समरीतला क्रम हा ना पेशंटच्या तब्येतीचा होता, ना घटनांचा. तो होता सिस्टरच्या बोटांचा.

चौदा नंबरची गोष्ट मला इन्चार्ज सिस्टरांनी सांगितली. माझ्या येण्याच्या काही महिने आधीची. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, उजव्या बाजूचा हर्निया, कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालेलं, दुसरा दिवस. सगळं छान. डॉक्टर राऊंडला म्हणाले, फोलीज काढा, उद्या घरी सोडू. फोलीज म्हणजे लघवीची नळी. ती अकरा वाजता काढली. दीडनंतर नोंदी झाल्या आणि दोन वाजता समरी छापली गेली. तिच्यात क्रम साधारण असा होता : अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. ताप नाही, नाडी ८२, बीपी १३०/८०. फोलीज काढला. ड्रेसिंग कोरडं. चोवीस तासांत लघवी १४५० मिली. सकाळचं अँटिबायोटिक दिलं. उद्या डिस्चार्ज. आणि सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात जुनं, पेशंटला झालंय काय ते.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. ओव्हर घेणाऱ्या सिस्टरने सगळं ऐकलं. ‘उद्या डिस्चार्ज’ ऐकल्यावर तिच्या डोक्यात हा पेशंट सोप्या पेशंटांत गेला.

पण नळी काढल्यावर माणसाला आपली आपण लघवी होते का, हे बघावं लागतं. साधारण सहा तासांत व्हायला हवी. साठीनंतरच्या पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असण्याची शक्यता बरीच, त्यात हर्नियाचं ऑपरेशन आणि कमरेतली भूल, म्हणजे लघवी अडकण्याची सगळी तयारी. हे कुठल्याही नर्सला माहीत असतं, नर्सिंगच्या पुस्तकात असतं. समरीत ‘फोलीज काढला’ हे लिहिलं होतं, पण ते झालेल्या कामांच्या रांगेत. त्यातून जे काम निघतं, म्हणजे ‘पाच वाजेपर्यंत लघवी झाली का बघा’, ते कुठेच नव्हतं. झालेलं काम आणि त्यातून उगवलेलं राहिलेलं काम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यातून तो १४५० चा आकडा. तो बघून कुणालाही वाटेल, लघवी उत्तम आहे. पण ते चोवीस तास काल दुपारी दोनपासूनचे होते, आणि त्यातली सगळी लघवी सकाळी अकराच्या आधीची, नळीतून पिशवीत आलेली होती. अकरानंतरचा रकाना रिकामा होता. रिकामा म्हणजे मोजली नाही की झालीच नाही? बेरीज करणाऱ्या कोडला याच्याशी काही देणंघेणं नसतं. रिकाम्याला ते शून्य धरतं आणि पुढे जातं.

चार वाजता काका स्वतः चालत बाथरूमला जाऊन आले. मावशींनी विचारलं, झाली का? म्हणाले, हो, थोडी झाली. थेंब थेंब झाली असणार. सात वाजता पोट दुखायला लागलं. टाके दुखत असतील असं वाटलं, आरएमओंनी फोनवर सांगितल्यावर ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं गेलं. त्या जातीच्या वेदनाशामकाने लघवी आणखी अडू शकते. रात्री नऊला नाइटच्या सिस्टरने बेंबीखाली हात लावला तर दगडासारखं घट्ट. पुन्हा नळी घातली, तर एका दमात नऊशे मिली. चारशे-पाचशे मिलीला माणसाला राहवत नाही, त्याच्या जवळपास दुप्पट. काका दुसऱ्या दिवशी घरी गेले नाहीत. गेले तेव्हा नळी आणि पिशवी लावूनच गेले, कारण इतक्या ताणलेल्या मूत्राशयाला काही दिवस विश्रांती द्यावी लागते.

“कुणाला ओरडणार?” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. “सकाळचीने लिहिलं होतं. दुपारचीने वाचलं होतं.”

मला हे वाक्य फार उपयोगी पडलं. माहिती हरवली नव्हती. ती आपल्या जागी नव्हती, एवढंच. आणि तिला मुळात जागाच नसल्यामुळे ती आपल्या जागी नाही हे कुणाला कळण्याचा मार्गही नव्हता. माझ्या मते ठरलेल्या क्रमाचा खरा उपयोग इथे आहे. लोकांना वाटतं की ठरलेला क्रम म्हणजे नीटनेटकेपणा. खरं म्हणजे ठरलेल्या क्रमामुळे न सांगितलेली गोष्ट ऐकू येते. रोज तिसऱ्या जागी राहिलेली कामं येतात हे कानाला सवयीचं झालं की, ज्या दिवशी तिसरी जागा रिकामी जाते त्या दिवशी ऐकणारी थबकते आणि विचारते, “राहिलेलं काही नाही?” जिथे क्रमच नाही तिथे हा प्रश्न उगवूच शकत नाही.

क्रमाचा आणखी एक फायदा मला तिथे बसल्याशिवाय कळला नसता. ओव्हर तुटतो, हे वर सांगितलंच. फोन घेऊन सिस्टर परत येते आणि म्हणते, “हां, कुठे होतो?” जुन्या समरीत ती अंदाजाने कुठून तरी सुरू करायची. ठरलेल्या क्रमात “राहिलेल्या कामांवर होतो” एवढं कुणीही सांगू शकतं, अगदी ऐकणारीसुद्धा. शिवाय या वॉर्डात निम्म्या सिस्टर केरळच्या, निम्म्या मराठवाडा-विदर्भातल्या. ओव्हर चालतो हिंदी, मराठी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या मिश्रणात. भाषा अर्धी कळली तरी आपण कुठल्या कप्प्यात आहोत ते कळलं की बाकीचं जुळवता येतं.

हे काही आम्ही शोधलेलं नाही. एसबीएआर नावाची एक पद्धत बऱ्याच नर्सेसना कॉलेजात शिकवलेली असते : परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज, तुमची शिफारस. ती अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरच्या बोलण्याच्या शिस्तीतून आली आणि कैसर परमनंटे या तिथल्या मोठ्या आरोग्यसंस्थेने ती हॉस्पिटलांत आणली. पण ती मूळची एका प्रश्नासाठी केलेल्या फोनसाठी आहे. रात्री तीन वाजता सिस्टर डॉक्टरांना उठवते तेव्हा तिने काय, कुठल्या क्रमाने बोलावं, यासाठी ती फार चांगली. पंधरा पेशंटांच्या ओव्हरमध्ये बारा जणांची तशी काही ‘परिस्थिती’ नसते, त्यामुळे पहिला रकाना भरायचा तर काहीतरी ओढूनताणून बोलावं लागतं.

ओव्हरसाठी जास्त जवळची पद्धत आय-पास. आधी पेशंट किती गंभीर, मग त्याची थोडक्यात हकीकत, मग करायची कामं, मग काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणं. उत्तर अमेरिकेतल्या नऊ हॉस्पिटलांच्या लहान मुलांच्या विभागांत तिचा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. १०,७४० पेशंट. उपचारांतल्या चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोगं नुकसान ३० टक्क्यांनी, आणि ओव्हरला लागणारा वेळ काही फार वाढला नाही. पण ते सगळे शिकाऊ डॉक्टर होते, नर्सेस नव्हेत. आणि त्यांना नुसता क्रम दिला नव्हता, प्रशिक्षण दिलं होतं, वरिष्ठांनी बसून ऐकलं होतं, सुधारलं होतं. त्यामुळे ‘क्रम बदलला की चुका तीस टक्के कमी’ असं कुणी तुम्हाला स्लाइडवर दाखवलं तर विश्वास ठेवू नका. आमच्याही एका स्लाइडवर ते होतं, मी काढायला लावलं.

आम्ही तीन कप्पे ठरवले : पेशंट कसा आहे, काय राहिलंय, कशाची काळजी वाटते. त्यांच्या वर एक ओळ, जिच्यात खाट, नाव, वय, काय झालंय, कितवा दिवस, आणि तीनपैकी एक शब्द : स्थिर, लक्ष ठेवा, किंवा अस्थिर.

इथे आमच्या ऑफिसात वाद झाला. एकाचं म्हणणं, सगळ्यात महत्त्वाचं आधी, म्हणून काळजी सर्वांत वर. बातमीत असंच असतं. मी हे वॉर्डात विचारलं. केरळच्या एक सिस्टर, ज्या एरवी फारसं बोलत नसत, त्या म्हणाल्या, “पहले पेशंट तो दिखने दो.” ऐकणारीच्या डोळ्यांसमोर माणूसच नसेल तर काळजी लटकणार कशाला? ‘रक्तस्राव होतोय का बघा’ हे वाक्य, ऑपरेशन कुठलं, कधीचं हे माहीत नसताना ऐकलं तर कानातून निघून जातं. तातडी सांगायचं काम पहिल्या ओळीतला शब्द करतोच. आणि काळजी शेवटी आली की ती शेवटची ऐकलेली गोष्ट असते, तिथून पुढे ऐकणारीने परत सांगायचं असतं. म्हणून ती तिसरीच राहिली.

पहिला कप्पा कॉम्प्युटरने भरायचा. नाडी, बीपी, ताप, शुगर, नळ्या, ड्रेसिंग. यात दोनच गोष्टी बदलल्या. एक, प्रत्येक आकड्यासोबत आधीचे दोन आकडे. दोन, लघवीची बेरीज नळी काढल्याच्या क्षणी तोडायची आणि नवी सुरू करायची, आणि रिकाम्या रकान्याच्या जागी शून्य न दाखवता ‘नोंद नाही’ असं लिहायचं. आमच्या क्यूएच्या मुलाने हे बग म्हणून नोंदवलं होतं, ‘युरिन आऊटपुट ब्लँक येतोय’. त्याला समजावलं.

दुसरा कप्पा, राहिलेली कामं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या चिठ्ठ्यांवर कामं अशी असायची : ‘लघवी बघणे’, ‘रिपोर्ट आणणे’, ‘शुगर’. ही कामं नाहीत, आठवणी आहेत. लिहिणारीला त्यातून सगळं आठवतं, वाचणारीला काहीच नाही. इन्चार्ज सिस्टरांबरोबर बसून आम्ही ठरवलं की प्रत्येक कामाला तीन अंगं हवीत : काय, कधीपर्यंत, आणि नाही झालं तर काय. चौदा नंबरच्या काकांची ओळ या पद्धतीने लिहिली तर अशी होते : ‘नळी अकराला काढली. पाचपर्यंत लघवी व्हायला हवी, भांड्यात, मोजून. न झाल्यास किंवा थोडीथोडी झाल्यास बेंबीखाली हात लावून बघा, आरएमओंना बोलवा.’ ‘भांड्यात, मोजून’ हे दोन शब्द इन्चार्ज सिस्टरांचे. “माणूस ‘झाली’ म्हणतो,” त्या म्हणाल्या, “किती झाली ते भांडं सांगतं.”

यातलं थोडं आपोआप होऊ शकतं. नळी काढल्याची नोंद झाली की सहा तासांनंतरचं काम आपोआप यादीत यावं, सॅम्पल पाठवलं आणि रिपोर्ट आला नाही तर ते यावं. पण तिथेही वेळ घटनेची धरायची, टाइप केल्याची नाही. नोंद एक-अडतीसला झाली म्हणून सहा तास तिथून मोजले तर काम संध्याकाळी सात-अडतीसला येईल, आणि तोपर्यंत काकांना ट्रॅमाडॉल देऊन झालेलं असेल. म्हणून नळी, ड्रेन, रक्त चढवणं, अशा मोजक्या नोंदींना ‘कधी केलं’ हे वेगळं विचारायला लागलो. सगळ्यांना नाही विचारलं. प्रत्येक नोंदीला दुसरी वेळ विचारली असती तर सिस्टरांनी सगळीकडे एकच वेळ टाकली असती, आणि ते बरोबरच केलं असतं.

तिसरा कप्पा अवघड. जुन्या कागदी रजिस्टरात ‘विशेष’ असा एक रकाना होता. मी मागची पानं चाळली. वरपासून खालपर्यंत एकाच अक्षरात ‘निल’, ‘निल’, ‘निल’. काही ठिकाणी तर पहिल्याला ‘निल’ लिहून खाली रेघ ओढलेली. याचा अर्थ सिस्टरांना काळजी वाटत नव्हती असा नाही. याच सिस्टर चहा पिताना सांगायच्या की नऊ नंबरचा चेहरा आज बरा दिसत नाही. ‘विशेष’ या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘निल’च येणार, कारण विशेष म्हटलं की काहीतरी घडलेलं हवं, पुरावा हवा. काळजीला पुरावा नसतो. ती लिहिली आणि काही झालं नाही तर उगाच घाबरते असं म्हणतील, अशी भीती नव्या मुलींना असतेच.

आम्ही प्रश्न बदलला. स्क्रीनवर आता विचारलं जातं : ‘पुढच्या पाळीत या पेशंटचं काही बिघडलं, तर आधी काय बिघडेल?’ आणि तो सगळ्यांसाठी विचारत नाही, फक्त ‘लक्ष ठेवा’ आणि ‘अस्थिर’ असलेल्यांसाठी. इतरांसाठी जागा आहे, सक्ती नाही. सक्ती केली की ‘निल’ परत येतो, हे त्या रजिस्टराने आधीच सांगून ठेवलं होतं.

याचं एक उदाहरण मी स्वतः पाहिलं. नऊ नंबरला पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाई. नाडी सकाळी ८४, बाराला ९६, दोनला १०८. बीपी जवळपास तेवढंच. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणी धावत येणार नाही. सकाळची सिस्टर ओव्हर देताना पहिल्या कप्प्यात तिन्ही आकडे बोलली आणि तिसऱ्यात म्हणाली, “रंग उतरलाय. आत ब्लीड होतंय का असं वाटतं. नाडी एकशेदहाच्या वर गेली किंवा ड्रेनमध्ये ताजं रक्त दिसलं तर थांबू नका, सरांना सांगा.” ऐकणारी म्हणाली, “एकशेदहा, नाहीतर ड्रेनमध्ये लाल. अर्ध्या तासाने बघते.” बीपी शेवटी पडतं, नाडी आधी वाढते. दोघींनाही ते माहीत होतं. सरांना साडेतीनला फोन गेला. पुढे काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही, ती त्या बाईंची खासगी गोष्ट आहे. पण फोन साडेतीनला गेला, आठला नाही.

परत सांगणं हे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यासाठी ठेवलं. पंधरा पेशंटांचं सगळं परत सांगायचं म्हटलं तर दोन मिनिटांची चार होतात आणि दुसऱ्याच दिवशी ते बंद पडतं.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग असा की, तिन्ही कप्प्यांचं आयुष्य वेगवेगळं आहे. पहिला कप्पा सतत बदलतो, तो छापायच्या क्षणी ताजा भरायचा. दुसरा कप्पा कुणीतरी ‘झालं’ म्हणेपर्यंत पाळीमागून पाळी पुढे जायला हवा. आणि तिसरा दर ओव्हरला कोरा व्हायला हवा. मागच्या सिस्टरची काळजी वर फिक्या अक्षरांत दिसते, पण ती उचलून खाली चिकटवता येत नाही. ती सोय मुद्दाम दिली नाही. तीन दिवस जशीच्या तशी पुढे आलेली काळजी ही काळजी उरत नाही, ती फॉर्मचाच भाग होते आणि डोळा तिच्यावरून घसरतो. यावर तक्रारी आल्या. त्यातली एक योग्य होती : रात्री एकच सिस्टर असताना आणि सात पेशंट ‘लक्ष ठेवा’ असताना सगळं नव्याने टाइप करायला वेळ कुठे आहे? तिथे आता मावेल तेवढंच लिहायचं आणि बाकी तोंडी सांगायचं असं चालतं. मला यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

पेशंटांचा क्रम हाही प्रश्न होताच. सगळ्यात गंभीर आधी, असं पुस्तकं म्हणतात. पण इथे ओव्हर खाटेजवळ उभं राहून होतो, दोघी चालत जातात, आणि चार नंबरवरून एकवीसवर, मग परत सहावर अशी येरझार कुणी घालणार नाही. खाटेजवळ जाणं सोडायचंही नव्हतं. तिथे दोघी मिळून ड्रेन बघतात, व्हेनफ्लॉनची जागा सुजलीय का बघतात, आणि स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असलं तरी समोरचा माणूस दिसतो. म्हणून खाटांचा क्रम तसाच ठेवला. सुरुवातीला नर्सिंग स्टेशनवर उभं राहून अर्धा मिनिट फक्त ‘लक्ष ठेवा’वाल्यांचे नंबर म्हणायचे, आणि मग चालायला लागायचं.

या अर्ध्या मिनिटाचा एक उपयोग आम्हाला आधी सुचला नव्हता. काही गोष्टी खाटेजवळ बोलताच येत नाहीत. एका आजोबांना कॅन्सर आहे हे घरच्यांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि सिस्टरांनाही सांगू नका म्हणून विनवलेलं. हे बरोबर की चूक यावर इन्चार्ज सिस्टरांचं ठाम मत आहे, पण दुपारी दोन वाजता तो वाद नको असतो. अशा पेशंटचा तिसरा कप्पा स्टेशनवरच बोलून घेतात. त्यासाठी छापील पानावर त्या ओळीच्या पुढे एक छोटा चौकोन आहे, आणि चौकोनाचा अर्थ वॉर्डाबाहेर कुणाला माहीत नाही. पान नातेवाइकांच्या हाती लागलं तरी चालावं म्हणून.

हे चाललंय की नाही ते कळायचं कसं? आमच्या मॅनेजरला डॅशबोर्ड हवा होता : किती टक्के कप्पे भरले. भरलेल्या ‘निल’चेही टक्के शंभरच येतात, हे मी त्याला रजिस्टराचा फोटो दाखवून सांगितलं. इन्चार्ज सिस्टरांचं माप वेगळं होतं. पाळी संपवून घरी निघालेल्या सिस्टरला वॉर्डातून किती फोन जातात? ‘अगं, अकरा नंबरचं सॅम्पल पाठवलंस का?’, ‘बावीसचं इन्सुलिन दिलंस की राहिलंय?’ हे फोन सगळ्यांना ठाऊक आहेत. बसमध्ये, स्वयंपाक करताना, मुलाला शाळेतून आणताना येतात. हे फोन म्हणजे ओव्हरमधून गळलेल्या गोष्टींची यादीच. इन्चार्ज सिस्टरांनी स्टेशनवर एक वही ठेवली. असा फोन केला की एक रेघ, आणि शेजारी कशासाठी ते. वहीत पहिल्या आठवड्यांत बहुतेक रेघा सॅम्पल आणि रिपोर्टच्या होत्या. नंतर त्या कमी झाल्या आणि इन्सुलिनच्या तशाच राहिल्या. त्यावरून कळलं की जेवण उशिरा आलं की इन्सुलिन ‘दिलं’ही नसतं आणि ‘राहिलं’ही नसतं, ते अडकलेलं असतं, आणि आमच्या दुसऱ्या कप्प्यात अडकलेल्या कामाला जागा नाही. सध्या त्याच्यावर काम चालू आहे.

छापील पानाच्या उजव्या बाजूला आम्ही चार बोटं समास सोडला होता. सिस्टर ते पान घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवतात आणि पाळीभर त्यावर पेनने लिहीत राहतात. पुढच्या आवृत्तीसाठी मी अशी पंधरा-वीस पानं नावं खोडून मागून घेतली, समासात काय लिहिलंय ते बघून त्याचे नवे रकाने करता येतील या हिशेबाने. बरंच काही औषधांच्या वेळांचं होतं. पण एका पानावर होतं, ‘मुलगा ६ ला येतो, त्याच्याशिवाय जेवत नाहीत.’ दुसऱ्यावर, ‘डाव्या कानाने ऐकू येतं.’ तिसऱ्यावर नुसतं ‘पंखा.’ मी इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, याला ‘इतर’ म्हणून एक रकाना देऊ का?

“नको,” त्या म्हणाल्या. “समास अजून एक बोट वाढव.”